एकाच खात्यात घर आणि धंदा: कर्ज देताना बँक तुमचं स्टेटमेंट कसं वाचते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा, डिचोली, म्हापसा, पेडणे या भागांतले छोटे धंदेवाईक कर्जाचा अर्ज करण्याआधी आम्हाला जे विचारतात, त्यांतले प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं फक्त एकल मालकीच्या धंद्यापुरती आहेत. भागीदारी किंवा कंपनीचा हिशेब वेगळा चालतो.

मालक मीच, पॅन एकच, रिटर्न एकच. मग बँक घर आणि धंदा वेगळा का करायला बसते?

कायद्याच्या नजरेत तुम्ही आणि तुमचं दुकान एकच, हे खरंच आहे. दुकानाचं कर्ज थकलं तर वसुली तुमच्या घरापर्यंत येते. पण हप्ता भरण्याची ताकद मोजताना बँकेला एकच आकडा हवा असतो: धंद्यातून दरमहा तुमच्या हाती किती उरतं? खात्यात आलेला प्रत्येक रुपया कमाईचा नसतो आणि गेलेला प्रत्येक रुपया धंद्याच्या खर्चाचा नसतो. दोन्ही बाजूंची सरमिसळ निवडून काढल्याशिवाय तो आकडा मिळत नाही. ती निवड तुम्ही केली नाहीत तर बँकेचा माणूस, किंवा हल्ली त्याचं सॉफ्टवेअर, करतं. ज्या नोंदीचा अर्थ लागत नाही ती ते सहसा तुमच्या विरुद्ध बाजूला टाकतात.

जमेतून बँक नेमकं काय वगळते?

स्वतःच्याच दुसऱ्या खात्यातून आलेले पैसे, कुठलंही कर्ज किंवा सोनेतारण, मुदत ठेव किंवा पिग्मी मोडून आलेली रक्कम, भिशी लागली ती, घरच्यांनी पाठवलेले पैसे, विम्याचा दावा, आयकराचा परतावा, माल परत केल्यावर व्यापाऱ्याने दिलेले पैसे. आणि न वटलेले चेक. चेक भरल्यावर आधी जमा दिसतो, मग न वटल्यावर तेवढीच रक्कम नावे पडते. एकूण जमा काढताना पहिली नोंद धरली आणि दुसरी विसरली, तर उलाढाल फुगते.

अर्जदार महिला असेल आणि त्याच खात्यात गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे दीड हजार येत असतील, तर तेही धंद्याचं उत्पन्न नाही. शिवाय त्या योजनेला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे, तेव्हा बँकेपुढे जे उत्पन्न मांडणार ते तिथेही लागू होतं, हे ध्यानात असू द्या.

एखादं उदाहरण आकड्यांसकट सांगाल का?

फोंड्याजवळ ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बनवून बसवणारा एक कारागीर धरू. भाड्याची शेड, हाताखाली मदतनीस, माल न्यायला कर्जावर घेतलेला पिकअप. जीएसटी नोंदणी आहे, नफा-तोटा पत्रक करून रिटर्न भरतो. सगळा व्यवहार मात्र एका बचत खात्यावर. उदाहरण समजावण्यासाठी रचलेलं आहे, पण यातली प्रत्येक नोंद रोज पाहण्यातली आहे.

एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या बारा महिन्यांत खात्यात जमा झाले ४१,६०,००० रुपये. शाखेत गेल्यावर तो हाच आकडा सांगतो, आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो.

यातले ४,१०,००० त्याच्याच सहकारी बँकेतल्या खात्यातून आले. पिग्मी पुरी झाली त्याचे १,८०,०००. पावसाआधी माल भरायला सोनं ठेवून घेतलेले ३,००,०००. बोटीवर असलेल्या भावाने आईच्या घराच्या दुरुस्तीसाठी पाठवलेले २,४०,०००. एका कंत्राटदाराचे परत आलेले चेक ८५,०००. काच फुटकी निघाली म्हणून व्यापाऱ्याने परत केलेले ३५,०००. बेरीज १२,५०,०००. उरले २९,१०,०००.

या उरलेल्यांत ६,२०,००० रोख भरणा आहे. त्यातल्या ४,५०,००० ला बिलं जुळतात. बाकी १,७०,००० कुठून आले ते त्याला सांगता येईना. बहुधा मालासाठी काढलेली रोकड काम पुढे ढकललं गेल्यावर परत भरली असावी, पण तशी नोंद कुठेच नाही. ती रक्कम गेली. राहिले २७,४०,०००.

एवढ्यावर थांबायचं नाही. गिऱ्हाईक देतो ते पैसे जीएसटीसह असतात आणि त्यातला १८ टक्के कर सरकारचा. २७,४०,००० ला १.१८ ने भागलं की विक्री येते साधारण २३,२२,०००. त्याच्या जीएसटी विवरणपत्रांतली वर्षाची विक्री यापेक्षा थोडीशीच जास्त होती, कारण मार्चमधल्या काही बिलांचे पैसे यायचे होते. दोन आकडे इतके जवळ आले की बँकेचा विश्वास बसतो. ४१ लाख आणि २३ लाख असे समोरासमोर आले असते, तर पहिला प्रश्न आला असता की उरलेल्या विक्रीवरचा कर कुठे गेला.

म्हणजे जास्त जमा दाखवून उलट नुकसानच?

वरच्या उदाहरणात तरी तसंच आहे. जमा भरपूर आणि विवरणपत्रात विक्री कमी, हे बँकेला दोन्ही बाजूंनी नको असतं. एक तर तुम्ही विक्री लपवता, नाही तर जमा खोटी आहे. दोन्ही शक्यता तुम्हाला महागात पडतात.

खर्चाची बाजू कशी वेगळी करायची?

याच कारागिराचं पुढे पाहू. मालाच्या व्यापाऱ्यांना परतावा वजा जाता १४,२०,००० गेले. त्यात भरलेला जीएसटी नंतर वळता मिळतो, म्हणून मालाची खरी किंमत साधारण १२,०३,०००. मजुरी ३,६०,०००, शेडचं भाडं १,०८,०००, डिझेल, वीज आणि कटरची पाती वगैरे १,२०,०००. विक्रीतून हे वजा केलं की उरतात ५,३१,०००. सरकारजमा केलेला जीएसटी यात खर्च म्हणून धरलेला नाही, कारण विक्रीही कर वगळूनच घेतली आहे. अनेक जण एकीकडे कर वगळतात आणि दुसरीकडे तोच खर्चात घालतात, मग नफा आपोआप खाली येतो.

आता यात नसलेलं बघा. मुलांची फी, घरचं वीजबिल, किराणा, चवथीचा खर्च, दवाखाना, आईच्या घराचे पत्रे. ही सगळी मालकाची उचल. उचल म्हणजे नफ्यातून मालकाने घरासाठी काढलेले पैसे. ती नफा झाल्यानंतरची गोष्ट आहे, त्यामुळे नफा काढताना ती वजा होत नाही. मालक स्वतःला पगारही देऊ शकत नाही. दरमहा तीस हजार ‘पगार’ म्हणून स्वतःच्या दुसऱ्या खात्यात वळवलेत तरी हिशेबात ती उचलच राहते.

फेब्रुवारीत त्याने सोनं सोडवलं, तेव्हा व्याजासकट मोठी रक्कम खात्यातून गेली. स्टेटमेंटमध्ये ती मालखरेदीसारखीच दिसते. मुद्दल फेडणं हा खर्च नव्हे, फक्त त्यावरचं व्याज खर्चात जातं. पण त्याने ते सोनेतारणाचं व्याजसुद्धा पुस्तकात कधी लिहिलं नव्हतं, म्हणून पुढच्या आकड्यांत ते आलेलं नाही. काटेकोर बँक ते वजा करायला लावू शकते.

एटीएममधून काढलेल्या पैशांचं सगळ्यात अवघड. मजुरीही त्यातूनच जाते आणि बाजारही. इथे त्याची मजुरीची वही कामी आली. दर शनिवारी सात हजारांच्या आसपास रक्कम निघालेली आणि त्याच तारखेला वहीत सह्या. ज्यांच्याकडे वही नसते, त्यांच्या एटीएमच्या रकमा बँक साधारण घरखर्च धरते. वरवर हे फायद्याचं वाटतं, खर्च कमी दिसला म्हणून. पण मग मजुराशिवाय इतक्या खिडक्या बसवल्या कोणी, असं विचारलं की उत्तर नसतं, आणि अधिकारी तुमच्या धंद्यासाठी अंदाजाने नफ्याचं प्रमाण लावून मोकळा होतो.

पिकअपचा हप्ता धंद्याचा खर्च की माझा वैयक्तिक?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि खरा पैसा इथेच अडकलेला असतो.

हप्ता दरमहा ९,२००, म्हणजे वर्षाला १,१०,४००. त्यातलं व्याज समजा ३१,०००, बाकी मुद्दल. पुस्तकात व्याज खर्च म्हणून गेलं आणि गाडीचा घसारा, म्हणजे वापराने वर्षभरात घटलेली तिची किंमत, ४०,००० गेला. म्हणून ५,३१,००० मधून ७१,००० वजा होऊन रिटर्नमध्ये नफा आला ४,६०,०००.

बँकेने हा नफा जसाच्या तसा घेतला तर महिन्याचं उत्पन्न ३८,३३३. समजा ती बँक सगळ्या हप्त्यांसाठी उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत परवानगी देते. तर १९,१६६, त्यातून पिकअपचे ९,२०० गेले, नव्या हप्त्याला उरले ९,९६६. नऊ टक्के व्याज आणि पंधरा वर्षं मुदत धरली तर लाखाला सुमारे १,०१४ रुपये हप्ता बसतो. म्हणजे कर्ज साधारण पावणेदहा लाखांच्या थोडं वर.

यात पिकअपचं व्याज दोनदा कापलं गेलं. एकदा नफा काढताना आणि पुन्हा हप्ता वजा करताना. हप्ता वजा करणारच असाल तर ३१,००० व्याज आधी नफ्यात मिळवायला हवं. घसारा तर खिशातून जातच नाही, तोही बऱ्याच बँका परत मिळवतात. मग उत्पन्न पुन्हा ५,३१,०००, महिन्याला ४४,२५०. निम्मे २२,१२५, त्यातून ९,२०० वजा जाता १२,९२५. कर्ज बसतं पावणेतेरा लाखांच्या जवळपास.

एकाच माणसाच्या त्याच कागदांतून तीन लाखांचा फरक पडला. त्यासाठी एक रुपयाही लपवावा किंवा फुगवावा लागला नाही. अर्जासोबत नफा-तोटा पत्रक, घसाऱ्याचा तक्ता आणि वाहनकर्जाचं वर्षाचं व्याज प्रमाणपत्र द्या आणि अधिकाऱ्याला सरळ विचारा, ‘व्याज आणि घसारा परत मिळवलाय का?’

याला एक मर्यादा आहे. आयकराच्या कलम ४४एडीखाली अंदाजित नफा दाखवून रिटर्न भरलं असेल, म्हणजे उलाढालीच्या आठ टक्के किंवा बँकेतून आलेल्या रकमेवर सहा टक्के, तर व्याज आणि घसारा त्यातच धरलेले मानले जातात. वेगळा आकडा कागदावर नसतो, म्हणून परत मिळवायलाही काही नसतं.

पण मी सहा टक्केच नफा दाखवलाय. खरा वीस टक्के आहे. स्टेटमेंटवरून बँक तो धरेल का?

काही बँका आणि वित्त कंपन्या खात्यातली सरासरी शिल्लक किंवा निवडून काढलेली जमा पाहून कर्ज देतात, पण व्याज चढं आणि रक्कम आखडती असते. बाकीच्यांसाठी रिटर्नमधला आकडा हीच कमाल मर्यादा. कर वाचवताना दाखवलेलं उत्पन्न आणि कर्ज मागताना सांगितलेलं उत्पन्न वेगळं असू शकत नाही. सहा टक्के हा किमान आकडा आहे. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा असतो.

गिऱ्हाईक आणि नातेवाईक, दोघेही एकाच मोबाइल नंबरवर यूपीआय करतात. ओळखायचं कसं?

नुसत्या नावावरून ओळखता येत नाही. मेव्हण्याने खिडकीचे पैसे दिले तर ती विक्रीच, आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाने हातउसने दिले तर ती विक्री नव्हे. जुळवणी बिलाशी करायची. बिल ३८,४०० चं आणि जमा २०,००० अधिक १८,४०० अशी दोनदा आली, तर दोन्ही नोंदींपुढे बिल क्रमांक टाका.

पुढच्यासाठी दुकानाचा क्यूआर वेगळा घ्या. काही क्यूआर सेवांत दिवसभराची रक्कम एकगठ्ठा, दुसऱ्या दिवशी जमा होते. मग स्टेटमेंटमध्ये गिऱ्हाइकांची नावं दिसत नाहीत, पण ती जमा धंद्याचीच आहे हे एका नजरेत कळतं. दिवसाचा तपशील ॲपमधून उतरवून ठेवा. कार्ड मशीन असेल तर शुल्क कापून रक्कम येते, बिलाशी तंतोतंत जुळणार नाही. बिल्डरची रक्कमही बिलापेक्षा एक टक्का कमी येऊ शकते, कारण तो उद्गम कर कापतो. ती कपात तुमच्या नावावर जमा झालेल्या कराच्या विवरणात, म्हणजे २६एएस मध्ये, दिसते आणि ही जमा धंद्याचीच असल्याचा याहून पक्का पुरावा नाही.

बायकोच्या खात्यातही धंद्याचे पैसे येतात. तेही धरा म्हणावं का?

पैसे तुमच्या बिलाचे असतील तर उत्पन्न तुमचंच आहे आणि ते तुमच्या रिटर्नमध्ये असायला हवं. असेल, तर तिला सहअर्जदार करा, तिचंही स्टेटमेंट जोडा आणि बिलं जुळवून द्या. त्यात आणखी एक सापळा आहे. तिच्या खात्यात जमा झालेले वीस हजार पुढे तुमच्या खात्यात आले, तर दोन स्टेटमेंटांत मिळून ते चाळीस दिसतात. आपसातली प्रत्येक नोंद दोन्हीकडे खूण करून एकदाच धरा. रिटर्नमध्ये ते नसतील, तर बँकेपुढे मांडण्याआधी कर सल्लागाराकडे जा.

उलाढाल चांगली दिसावी म्हणून अर्जाआधी दोन-तीन महिने पैसे फिरवले तर?

कळतं. रक्कम येते आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तितकीच जाते, आकडे गोल असतात, नावं तीच तीन-चार असतात आणि जमा एवढी असूनही सरासरी शिल्लक चार आकड्यांत राहते. पीडीएफमध्ये ओळ बदलणं तर त्याहून वाईट. प्रत्येक ओळीची शिल्लक मागच्या ओळीशी जुळते का, हे यंत्र क्षणात तपासतं, आणि हल्ली अनेक ठिकाणी तुमच्या संमतीने अकाउंट ॲग्रीगेटरमार्फत स्टेटमेंट थेट बँकेकडून मागवलं जातं. बनवाबनवी सापडली तर नुसता नकार येऊन थांबत नाही.

पावसात काम जवळजवळ बंद असतं. बँकेने तेवढेच महिने पाहिले तर?

बारा महिन्यांचं स्टेटमेंट स्वतःहून द्या. जून-जुलैत खिडक्या बसत नाहीत, चवथीआधी एकदम घाई होते, आणि पर्यटनावर चालणाऱ्या धंद्यांची भर ऑक्टोबर ते मार्च. मासळीच्या धंद्याला १ जून ते ३१ जुलै बंदीचा काळ आहे. सहाच महिने पाहिले तर कुणाचं उत्पन्न निम्मं दिसेल, कुणाचं दुप्पट. ऑगस्टमधली मोठी जमा बहुतेक वेळा आगाऊ रकमेची असते आणि काम दोन महिन्यांनी होतं. वर्षाअखेरीला ज्या आगाऊ रकमांचं काम बाकी आहे, त्यांची यादी वेगळी द्या. ती अजून विक्री झालेली नाही.

मग अर्जाआधी प्रत्यक्ष काय करू?

नेटबँकिंगमधून बारा महिन्यांचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवा. मूळ पीडीएफला हात लावू नका, बँकेला तीच द्यायची आहे. एक्सेलच्या प्रतीत एक रकाना वाढवा आणि प्रत्येक ओळीला एक अक्षर द्या: ‘ध’ धंद्याचं, ‘घ’ घरचं, ‘फ’ स्वतःच्याच खात्यांतली फिरवाफिरवी, ‘क’ कर्ज आणि हप्ते, ‘प’ परत आलेलं किंवा परत केलेलं. शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह ठेवा, उगाच ‘ध’ लावू नका. मोठ्या रकमांपासून सुरुवात करा. पन्नास हजारांवरच्या नोंदी संपल्या की बहुतेक चित्र उमटलेलं असतं, शंभर-दोनशेच्या चहा-पेट्रोलवर रात्र घालवण्यात अर्थ नाही.

मग ‘ध’ जमेची महिनावार बेरीज जीएसटी विवरणपत्राशी ताडून पाहा. ज्या महिन्यात फरक मोठा, तिथे कारण लिहा. शेवटी एक पान तयार करा: एकूण जमा, काय वगळलं, का वगळलं, सोबत कुठला कागद जोडलाय. सोनेतारणाची पावती, पिग्मीचं पासबुक, भावाने पैसे पाठवल्याचा तपशील. अधिकाऱ्याला हेच पान स्वतः बनवायचं असतं. आयतं मिळालं तर तो तपासतो, पण नव्याने अंदाज बांधत बसत नाही.

आता चालू खातं उघडलं तर लगेच फायदा होईल?

लगेच नाही. निदान सहा महिन्यांचे, बरेचदा बारा महिन्यांचे व्यवहार त्यात दिसावे लागतात. पण उघडा जरूर. बचत खातं धंद्यासाठी वापरायला बँका मुळात परवानगी देत नाहीत. नव्या खात्यासाठी जीएसटी प्रमाणपत्र, उद्यम नोंदणी, पंचायतीचा किंवा पालिकेचा व्यापार परवाना यांतले दोन कागद सहसा लागतात. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्याचे कुणाला पैसे देऊ नका.

जुनं खातं बंद करू नका, त्यातला इतिहास बँकेला लागतोच. गिऱ्हाइकांना नवा क्रमांक द्या, व्यापारी, भाडं, पिकअपचा हप्ता आणि जीएसटी नव्या खात्यावर घ्या. घरासाठी महिन्याच्या ठरावीक तारखेला एकच ठरावीक रक्कम बचत खात्यात वळवा. मध्येच कमी पडलं तर पुन्हा वळवा, पण दुकानाच्या खात्यातून थेट किराणा भरू नका. कुणी जुन्या क्रमांकावर पैसे टाकलेच, तर ते दुसऱ्याच दिवशी तेवढ्याच रकमेने नव्या खात्यात पाठवा आणि शेऱ्यात बिल क्रमांक लिहा. दोन बिलांचे पैसे एकत्र करून पाठवलेत, तर सहा महिन्यांनी ती रक्कम कशाची हे तुम्हालाही आठवणार नाही.